‘सध्या’ नको म्हणाली

आज ज्या विषयावर बोलायचं आहे, त्याची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते : “तू तिच्या जवळची आहेस ना, मग जरा अंदाज घे की.” गेली बरीच वर्षं मी विवाहपूर्व समुपदेशन करते. लग्न ठरवायला आलेली मुलं, मोडलेली मैत्री घेऊन आलेली मुलं, दोन्ही माझ्यासमोर बसतात. मोडलेल्या मैत्रीत दोघांच्या मध्ये एक तिसरं माणूस असतंच. त्याच्या मनात वाईट काही नसतं, तरी सगळा गुंता त्याच्या हातून झालेला असतो. आज मी त्या तिसऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे.

एक गोष्ट सांगते. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. दोन मुली पुण्यात एका फ्लॅटमध्ये राहायच्या, नोकरी एकाच ऑफिसात. ऑफिसात त्याच मजल्यावरच्या एका मुलाला त्यातली एक आवडली. तो तिच्याकडे गेला नाही. तिच्या मैत्रिणीला म्हणाला, “अंदाज घे.” मैत्रिणीने रात्री भांडी घासता घासता विचारलं, “तो कसा वाटतो गं तुला?” उत्तर आलं, “बरा आहे की. का गं?” मैत्रीण म्हणाली, “काही नाही, असंच.”

दुसऱ्या दिवशी मुलाला निरोप मिळाला : “तिचं मत चांगलं आहे तुझ्याबद्दल.”

इथे जरा थांबा. त्या मुलीला काय विचारलं जातंय, हे तिला माहीतच नव्हतं. ऑफिसातल्या एका माणसाबद्दल जे कुणीही म्हणेल ते ती म्हणाली. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या नावावर जमा झालं. त्यावर विसंबून मुलगा तिच्या चहाच्या वेळा साधायला लागला आणि वाढदिवसाला त्याने घड्याळ आणलं. ती गांगरली. मग मैत्रिणीने तिला सगळं उघड सांगितलं.

आता तिचं उत्तर शब्द न शब्द ऐका. “नाही गं, मला त्याच्याबद्दल तसं काही वाटत नाही. आणि सध्या बाबांचं आजारपण चाललंय, माझ्या डोक्यात हे नाहीच.” वाक्यं दोन आहेत. पहिलं उत्तर आहे. दुसरं समोरच्याला फार लागू नये म्हणून खाली अंथरलेली चादर आहे. मैत्रिणीने पोचवलं ते फक्त दुसरं : “तिच्या बाबांचं आजारपण चाललंय रे, सध्या नको म्हणते.”

तो थांबला. सात महिने थांबला. दर आठवड्याला बाबांच्या तब्येतीची चौकशी करायचा, चांगल्या डॉक्टरांची नावं आणून द्यायचा. तिला वाटत होतं, मी नाही म्हटलेलं याला माहीत आहे, तरी हा मागे लागला आहे. त्याला वाटत होतं, ती म्हणाली म्हणून मी धीर धरला आहे. वडील बरे झाले तेव्हा त्याने स्वतः विचारलं, आणि ती ओरडली, “मी मागेच नाही म्हणाले होते ना!” त्या संध्याकाळी दोघांनी एकाच मुलीला फोन लावला. दोन महिन्यांत फ्लॅट सुटला. शिवाय घरचं आजारपण त्या मुलीने फक्त मैत्रिणीला सांगितलं होतं. ते त्याच्यापर्यंत कसं गेलं, हा दुसरा घाव होता, आणि माझ्यासमोर बसली तेव्हा ती त्याबद्दलच जास्त बोलत होती.

यात कायद्याचीही एक बाजू आहे. स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेत 2013 साली तशी तरतूद आली आणि आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. ‘स्पष्ट’ हा तिथला कळीचा शब्द. त्या मुलीने स्पष्ट सांगितलं होतं, आणि त्या मुलाने ते ऐकलंच नव्हतं. हे अंतर मधल्या मैत्रिणीने, केवळ दया येऊन, तयार केलं होतं.

मैत्रीण खोटं बोलली का? तिला विचारलं तर ती शपथेवर नाही म्हणेल. वाईट बातमी सांगायची वेळ आली की माणूस तिच्यातलं वाईट तेवढं गाळतो. रोझेन आणि टेसर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1970 साली हे प्रयोगातून दाखवलं. त्यांनी विद्यार्थ्यांकडे एका तिऱ्हाइतासाठी निरोप दिला : घरी फोन कर, बातमी आहे. बातमी चांगली असली तर निरोप देणारे ते आनंदाने सांगून टाकायचे. वाईट असली तर पुष्कळजण “घरी फोन कर” एवढंच म्हणून थांबायचे. निरोप्याचा त्या बातमीशी काही संबंध नव्हता, तरी हे घडलं. मग जिला दोघांसोबत रोज डबा खायचा आहे, ती काय करेल?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लग्नं मध्यस्थांनीच जमवली, तेव्हा हे कसं निभावलं? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तो मध्यस्थ निराळ्या जागी उभा होता. तो वयाने मोठा, लांबच्या नात्यातला, कुणाचा तरी आतेमामा असायचा. मुलामुलीच्या रोजच्या जगात त्याचा वावर नसायचा. आणि त्याच्या हातात एक तयार वाक्य होतं : “पत्रिका जमत नाही.” पोहे खाऊन झाल्यावर चार दिवसांनी हे वाक्य आलं, की पत्रिका खरंच पाहिली का, असं कुणी विचारत नसे. नकार आहे हे दोन्ही घरांना कळायचं, कुणाचा कमीपणा व्हायचा नाही, आणि विषय तिथे संपायचा. कारण खोटं असेल, पण नकार पूर्ण असायचा.

मित्रमैत्रिणींच्या जगात असं सर्वांनी मान्य केलेलं वाक्य नाही. तिथे आपण “बघू”, “सध्या विचार नाही”, “करिअरचं चाललंय” असं म्हणतो. म्हणणाऱ्याच्या मनात तो नकार असतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात ती तारीख असते. समोरासमोर असलं तर चेहऱ्यावरून, आवाजावरून कळतं तरी. मध्यस्थाच्या तोंडून येताना चेहरा मागेच राहतो, आणि आशा धरलेल्या माणसाच्या हातात ‘सध्या’ एवढा एकच शब्द उरतो.

दुसरी अडचण, निरोप नेणाऱ्याचं स्वतःचं मन. महाभारतातलं नलाख्यान आपल्याला हंसामुळे आठवतं. पण हंस दमयंतीकडे का जातो, ते पाहा. नळाने त्याला धरलेलं असतं. मला मारू नकोस, मी दमयंतीजवळ तुझ्याबद्दल असं बोलेन की तिला दुसरा कुणी सुचणार नाही, असं तो जिवाच्या आकांताने म्हणतो. म्हणजे दमयंतीने ऐकलेली स्तुती ही जीव वाचवलेल्या पक्ष्याने केलेली परतफेड होती. तुमच्याकडे कुणाची तारीफ घेऊन मित्र आला, तर तो त्याचं काही देणं लागतो का, हे एकदा मनात विचारून बघा. रूममेट आहे, उसने पैसे आहेत, नोकरीला त्याने चिकटवलंय. तारीफ खरी असू शकते, पण ती मोकळ्या माणसाची नसते.

त्याच आख्यानात पुढे खरी कसोटी येते. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे स्वयंवराला निघालेले, आणि ते दूत म्हणून पाठवतात साक्षात नळाला. ज्याला ती हवी आहे त्यालाच ते सांगतात, जा आणि तिला म्हण, आमच्यापैकी एकाला वर. नळ आधीच सांगतो की मीही त्याच कामाला आलोय, मला पाठवू नका. शब्द देऊन बसलेला असल्याने त्याला जावं लागतं. तो देवांचा निरोप काटछाट न करता सांगतो. ती म्हणते, मी तुलाच वरणार, देवांसमोर वरणार, म्हणजे तुला दोष येणार नाही. आणि तो परत जाऊन देवांना तिचे शब्द जसेच्या तसे सांगतो. मला त्यातल्या दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात : जाण्याआधी स्वतःचं मन उघड करणं, आणि परत आल्यावर तिचेच शब्द ठेवणं. यातलं पहिलं हल्ली सहसा कुणी करत नाही. मैत्रिणीला स्वतःलाच तो मुलगा आवडत असतो, ती तरी “हो, विचारते की” म्हणते, आणि मग तिने आणलेल्या उत्तरावर कुणीच विश्वास ठेवू शकत नाही, अगदी खरं असलं तरी.

मी स्वतः कॉलेजात असताना एकीचा निरोप एका मुलाला नेला होता. तो “नको” म्हणाला, आणि मी तिला सांगितलं, “तो जरा गोंधळलाय.” मी तिचं एक वर्ष वाया घालवलं. हे मला तिने नाही, तिच्या आईने सांगितलं.

मग मधल्या माणसाची मदत घ्यायचीच नाही का? घ्या. फक्त त्याच्याकडून प्रश्न पाठवू नका, ओळख करून घ्या. ‘तिला मी आवडतो का’ हा प्रश्न दुसऱ्याच्या तोंडी देण्याजोगा नाही. ‘तिला माझ्याशी बोलायला चालेल का’ एवढाच देण्याजोगा आहे, कारण त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं आणि ते गाळून सांगता येत नाही.

विचारणाऱ्याने आधी मित्राला मोकळं करावं : तुला हे करायचं नसेल तर नको करू, माझं काही बिघडणार नाही. मित्राने होकार दिलाच, तर त्याने समोरच्या व्यक्तीला एकटं असताना आणि निघायला वाट असेल अशा जागी विचारावं. घरच्या पंगतीत, गाडीत, सहलीच्या बसमध्ये विचारू नये. शब्द साधारण असे असावेत : “अमुक तुझ्याशी ओळख करून घ्यायची म्हणतोय, त्याला तू आवडतेस. नंबर देऊ का? नको म्हणालीस तर मी ‘नको म्हणाली’ एवढंच सांगेन, मलाही कारण सांगू नकोस.” शेवटचं वाक्य गाळू नका. त्याने तिला कारणाची चादर अंथरावी लागत नाही, आणि ‘सध्या’ जन्मालाच येत नाही.

विचारल्याशिवाय नंबर द्यायचा नाही. “घे रे, मी दिला असं सांगू नकोस” म्हणून दिलेला नंबर तर कधीच नाही. “सगळे येतोय” म्हणून बोलवायचं आणि टेबलावर दोघंच उरतील अशी योजना करायची, हेही नाही. त्या मुलीला पहिल्या पाच मिनिटांत कळतं की मैत्रिणीने आपल्याला फसवलं, आणि मुलगा कितीही भला असला तरी ती संध्याकाळ त्याच्या नावावर लागते. भेट चौघापाचांत ठेवा, कशासाठी ते दोघांनाही माहीत असू द्या, आणि त्यानंतर मधल्याने बाजूला व्हावं. भेटीनंतर दोघांनी आपलं आपण बोलावं. “काय म्हणाली?” असं मुलगा विचारायला आला, तर मित्राने फोन त्याच्याच हातात द्यावा.

आणि उत्तर ‘नको’ असलं तर ते त्याच दिवशी सांगावं, फोनवर, पहिल्याच वाक्यात. “ती नको म्हणाली.” मग मित्राला शांत बसायची तयारी हवी. तो विचारेल, का? सध्या नको की कायमचं? माझ्यात काय कमी आहे? त्याला चहाला घेऊन जा, दोन तास त्याच्याजवळ बसा, पण या तिन्ही प्रश्नांना “मला तिने तेवढंच सांगितलं” याच्यापुढे एक शब्दही देऊ नका.