नळाचं पाणी चांगलं, मग ढाळ कशानं?

(गावातल्या समाजमंदिरात झालेल्या बैठकीत आरोग्य सेविकेने केलेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून.)

मायबहिणींनो, दादांनो, या टेबलावर दोन परीक्षानळ्या आहेत. पहिलीत आत्ता बाहेरच्या नळाचं पाणी घेतलं आणि त्यात ओटीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे त्यात क्लोरीन आहे. आपल्या जलसुरक्षकानं टाकीत टीसीएल पावडर टाकली, ती इथपर्यंत पोचली. दुसऱ्या नळीत याच नळाचं पाणी आहे, पण ते काल सकाळी भरून ठेवलेल्या माठातलं. तेच थेंब टाकले, तरी पाणी कोरंच राहिलं.

दरवर्षी झड लागली की लेकरांना ढाळ सुरू होतात आणि सगळे टाकीला दोष देतात. कधी तो दोष खराही असतो. पाइप फुटून त्यात नालीचं पाणी शिरतं, विहिरीत वरचं पाणी उतरतं. पण नळाशी पिवळं आणि माठात कोरं असेल, तर बिघाड नळापासून माठापर्यंतच्या वाटेवर शोधायचा.

क्लोरीन जंतू मारता मारता स्वतःही संपतं. माठाच्या तळाला बसलेला गाळ आणि आतून हाताला लागणारा बुळबुळीत थर ते खाऊन टाकतात. उघड्या तोंडातूनही ते उडून जातं. एकदा संपलं की पाण्याला राखण उरत नाही. त्यानंतर आत गेलेला एक हातही पुरतो.

हा हात कुणाचा, ते नीट पाहू. दीड वर्षाच्या लेकरानं अंगणात शी केली. आईनं त्याला धुतलं, मग आपल्या हातावर नुसतं पाणी घेतलं आणि हात पदराला पुसला. लहान लेकराची शी घाण नसते, असं आपण धरून चालतो, पण ढाळाचे जंतू तिच्यातही तेवढेच असतात. हाताला तेलकटपणा असतो, त्यात आणि नखांच्या कडेला घाण चिकटून राहते. नुसत्या पाण्यानं ती सुटत नाही, साबणाच्या फेसानं सुटते. मग मोठ्या पोरानं पाणी मागितलं. आईनं गिलास माठात बुडवला, बोटं पाण्यात गेली. संध्याकाळपर्यंत घरातले सगळे त्याच माठाचं पाणी प्याले. यात आईला बोल लावण्यासारखं काही नाही. साबण न्हाणीत होता, ती अंगणात होती आणि तिच्या कडेवर लेकरू होतं.

म्हणून साबण जागेवर हवा. संडासच्या दाराशी एक आणि चुलीजवळ एक. छोटी वडी जाळीच्या पिशवीत घालून टांगली तर कावळा नेत नाही आणि ती चिखलातही पडत नाही. संडासहून आल्यावर, लेकराला धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवायच्या आणि भरवायच्या आधी साबणानं हात धुवायचे. तळहात, बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखं चोळत वीस सेकंद. साबण नसेल तर चुलीची राख चालेल, माती मात्र नको. तिच्यातच जंतू असतात.

आता माठ. तो रोज रिकामा करा, आतून काथ्यानं घासा, खळखळून धुवा आणि मगच भरा. कालच्या उरलेल्या पाण्यावर आजचं ओतू नका. वर बसणारं झाकण ठेवा. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानंच काढा आणि ते ओगराळं खाली न ठेवता खिळ्याला टांगा. तोटीचा माठ किंवा ड्रम मिळाला तर फारच बरं, कारण त्यात हात घालायची गरजच पडत नाही.

पाणी गढूळ आलं तर गुंडात स्थिर होऊ द्या आणि वरचं पाणी चार पदरी सुती कापडातून गाळा. तुरटी फिरवली तरी फक्त गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. गाळल्यावर क्लोरीनची गोळी टाका. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं अशी गोळी तयार केली आहे. अर्ध्या ग्रॅमची ती गोळी वीस लिटरला पुरते. दुसरी कुठली गोळी मिळाली तर तिच्या पाकिटावरचं प्रमाण पाहा. आपला गुंड किती लिटरचा, हे लिटरच्या बाटलीनं एकदा मोजून ठेवा. दहा लिटरच्या गुंडात वीस लिटरची गोळी पडली की पाण्याला उग्र वास येतो आणि घरचे ते प्यायचंच सोडतात. गोळी विरघळली की ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा.

नळाचंच पाणी कोरं निघालं तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीत सांगा. टाकी दुरुस्त होईपर्यंत पाणी खळखळ उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळा आणि त्याच भांड्यात झाकून थंड करा. ज्यांना घरचं पाणी तपासायचं असेल, त्यांनी उद्या सकाळी दहापर्यंत धुतलेल्या बाटलीत नळाचं आणि माठाचं पाणी वेगवेगळं आणावं. दोन्ही सोबतच तपासू.