अष्टमीच का चुकते?

तमिळनाडूत पंचांगांचे दोन पंथ आहेत, वाक्य आणि तिरुकणित. दोघांच्या तिथींच्या वेळा जुळत नाहीत, आणि मोठी तफावत पडते ती अष्टमीला. तिरुकणित म्हणजे आपलं दृक्, प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं गणित. वाक्य पंचांगाचा चंद्र मात्र पाठांतरातून येतो. वररुचीच्या नावावर चालत आलेली २४८ वाक्यं आहेत, रोजचं एक. पहिलं 'गीर्नः श्रेयः'. कटपयादी, म्हणजे अक्षरांना अंक मानण्याच्या, पद्धतीने ग म्हणजे ३, न ०, र २, य १. उलटं वाचलं की १२ अंश ३ कला. मंदोच्च किंवा उच्च म्हणजे चंद्राच्या कक्षेतला पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू; तिथून चंद्र पहिल्या दिवशी एवढा सरकतो. २४८ दिवसांत तो उच्चाला नऊ वेळा परत येतो, की पुन्हा पहिलं वाक्य. पाठांतरातून चंद्र काढायचा, ही युक्ती मला फार आवडते.

पण त्या वाक्यांत एकच संस्कार, म्हणजे दुरुस्ती, आहे: मंदफलाचा, फार तर ५ अंशांचा. चंद्र कधी जलद, कधी सावकाश चालतो, त्यामुळे सरासरी जागेपासून तो जेवढा पुढेमागे होतो ते मंदफल. खरं मंदफल सव्वासहा अंशांच्या आसपास असतं, आणि सूर्याच्या ओढीमुळे त्यात आणखी सव्वा अंशाचा फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेला हा फरक वजा होतो, म्हणून उरतात ५. जुन्यांनी चंद्र तपासला तो मुख्यतः ग्रहणांवर, आणि ग्रहणं याच दोन तिथींना! त्यामुळे तिथे त्यांचं गणित छान जुळलं. अष्टमीला मात्र तोच सव्वा अंश मिळवावा लागतो आणि साडेसात होतात. म्हणजे अडीच अंशांची तफावत. चंद्र सूर्यापासून तासाला साधारण अर्धा अंश दूर जातो, तेव्हा अडीच अंश म्हणजे पाच तास. सूर्याच्या ओढीचा हा संस्कार आपल्याकडे कुणाला ठाऊकच नव्हता असं नाही, दहाव्या शतकात ज्योतिषी मुंजालाने तो दिलेला आहे. रूढ पंचांगांत तो शिरला नाही, एवढंच.

आता कल्पित उदाहरण घेऊ. श्रावण वद्य अष्टमी, चंद्र नीचातून, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूतून, निघून सात दिवस झालेले. दृक् म्हणतं, अष्टमी रविवारी रात्री ९ ला लागली, सोमवारी रात्री ९ ला संपली. वाक्य म्हणतं, सोमवारी पहाटे २ ते मंगळवारी पहाटे २. कृष्णजन्माला मध्यरात्रीची अष्टमी हवी. एकाचा जन्म रविवारी रात्री, दुसऱ्याचा सोमवारी! शास्त्रार्थ दोघांचा तोच आहे, धर्मशास्त्राचं इथे भांडण नाहीच. चंद्र नीचाऐवजी उच्चातून निघून सात दिवस झालेले असले, तर हीच चूक उलट्या दिशेने होते. आणि तो नेमका उच्चात किंवा नीचात असेल, तर अष्टमीलाही दोन्ही पंचांगं जवळ येतात. म्हणून एखाद्या वर्षी सण जुळला, यावरून काही ठरत नाही.

अयनांशाचा, म्हणजे राशींचा आरंभ कुठे धरायचा याचा, वाद इथे आणू नका. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यांतलं अंतर, दोघांतून तोच अयनांश वजा केला तर अंतर तेच राहतं. संक्रांतीची गोष्ट वेगळी.

आपल्याकडे ग्रहलाघव या जुन्या गणितग्रंथाचा चंद्रही एकाच मंदफलाचा. म्हणून जुने जोशी 'बाणवृद्धी रसक्षय' म्हणत: तिथी दिवसाच्या साठ घटींहून पाच वाढते, सहा घटते. दृक् गणिताने ती सात वाढते आणि दहा घटते. हातातलं पंचांग कुठल्या पंथाचं, हे ओळखायला मुखपृष्ठ बघायची गरज नाही. वर्षभरातली सर्वांत आखूड तिथी शोधा. ती चोपन्न घटींच्या, म्हणजे साधारण साडेएकवीस तासांच्या, बरीच खाली गेली असेल, तर पंचांग दृक् आहे.