रुखवतातल्या बाऊलला मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या का लागल्या?

नमस्कार मंडळी. आधी हा बाऊल बघा. (बाऊल कॅमेऱ्याजवळ) काचेचा आहे, वर सोनेरी काठ, आणि काठावर हे काळे डाग.

हा परभणीच्या माझ्या मावशीचा. तिच्या रुखवतातला सेट, इतकी वर्षं कपाटात जपलेला. मागच्या रविवारी तिनं ह्यात येसर आमटी घातली आणि मायक्रोवेव्ह लावला. दहा सेकंदही झाले नसतील, आतून चर्रचर्र आवाज आला आणि काठावर ठिणग्या पळायला लागल्या. मावशी ओरडली, "अरे, आत काय चमकायलंय!" मी धावत जाऊन बंद केला.

मग तिनं जे विचारलं, त्यावर आजचा व्हिडिओ आहे. "डब्यात धातू ठेवू नये म्हणतात. पण हे मशीन आतून सगळं लोखंडाचंच आहे की! त्याला काही होत नाही, अन् ह्या इवल्याशा काठाला कसं झालं?"

आधी आमटी कशी तापते ते बघू. बटणांच्या पॅनलमागे मॅग्नेट्रॉन नावाचा भाग असतो. तो रेडिओच्याच जातीच्या लहरी तयार करतो आणि त्या आतल्या डब्यात सोडतो. ह्या लहरीतला विजेचा जोर सेकंदाला सुमारे 245 कोटी वेळा पुढे-मागे होतो. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन असते, दुसरी किंचित ऋण. त्यामुळे जोर फिरला की रेणूही वळायला बघतो. पण तो एकटा नसतो, शेजारी दाटीवाटीनं दुसरे रेणू असतात. तो वळतो, त्यांना ढकलतो, अडखळतो, आणि त्या धडपडीतून उष्णता होते. आमटीत पाणी भरपूर, म्हणून ती लवकर तापते. कोरडा काचेचा बाऊल स्वतः जवळपास तापत नाही, त्याला आमटीची धग लागते.

"मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो" असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. लहरी पदार्थात दोन-तीन सेंटीमीटर जाईपर्यंतच बऱ्याचशा विरतात. मोठ्या पातेल्यातली खिचडी कडेला चटका देते आणि मध्ये थंड राहते ती म्हणूनच. मध्येच ढवळून पुन्हा लावा.

आता मावशीचा प्रश्न. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात. लहर आली की ते तिच्या तालावर इकडून तिकडे धावतात आणि लहर परत फिरते. आतल्या भिंती रुंद, सलग आणि गुळगुळीत असतात. इलेक्ट्रॉनांना पसरायला जागा मिळते, ते कुठं एका जागी साचत नाहीत. लहरी डब्यातच कोंडून राहाव्यात आणि आमटीवर पुन्हा पुन्हा आदळाव्यात, म्हणून तर भिंती धातूच्या केल्यात.

बाऊलचा काठ म्हणजे धातूचा अगदी पातळ लेप. तोही घासून घासून मध्ये मध्ये तुटलेला. (बोटानं दाखवत) इथं बघा, आणि इथं. ह्या लहरीची लांबी साधारण 12 सेंटीमीटर. काठाचा जो तुकडा तिच्या निम्म्याच्या, म्हणजे 6 सेंटीमीटरच्या आसपास असेल, तो अँटेनासारखा लहर पकडतो. इलेक्ट्रॉन त्याच्या एका टोकाला जमतात, क्षणात दुसऱ्या टोकाला. पुढे केसाएवढी फट, पलीकडे दुसरा तुकडा. सगळा जोर त्या फटीत एकवटतो. हवा सहसा वीज वाहू देत नाही, पण एका मिलिमीटरला साधारण 3 हजार व्होल्टचा ताण आला की ती हार मानते. फट जितकी बारीक, तितके कमी व्होल्ट पुरतात. हवा फुटली की ठिणगी पडते, आणि लेप पातळ असल्यामुळे तिथंच जळून काळा होतो.

चुरगळलेली फॉइल आणि काटा-चमचा ह्यांचंही हेच. टोकं आणि फटी. जाड, गोल कडांचा साधा चमचा आमटीत बुडवलेला असेल तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण तो सरकून भिंतीजवळ गेला की चमचा आणि भिंत ह्यांच्यातच फट तयार होते, म्हणून मी तोही ठेवत नाही. स्टीलच्या वाटीचा वेगळा तोटा आहे. तिच्यातून लहरी आत जात नाहीत, फक्त वरच्या उघड्या तोंडातून जातात, त्यामुळे आमटी नीट तापतच नाही.

आत धातू नसतानाही ठिणग्या येत असतील, तर आतल्या भिंतीवर, बहुतेकदा उजवीकडे, अभ्रकाची पातळ शीट असते ती बघा. लहरी तिच्यातून आत येतात. तिच्यावर फोडणीचं तेल उडून जळलं की कोळसा होतो, आणि कोळसा वीज वाहतो. डाग वरवरचा असेल तर प्लग काढून ओल्या फडक्यानं पुसा. शीट जळून भोक पडलं असेल तर नवी बसवून घ्या, दुकानात ती मापाला कापून मिळते. पण बाहेरचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहू शकते.

मावशीचा बाऊल आता परत कपाटात गेलाय. आमटी तिनं साध्या काचेच्या भांड्यात गरम केली, दोन मिनिटांत, मध्ये एकदा ढवळून.