प्रास्ताविक लिहा, पण आभारांसाठी जागा सोडून

नमस्कार. मला आज संयोजकांनी सांगितलंय की सूत्रसंचालनावर सगळंच बोलू नका, एकच गोष्ट नीट सांगा. तर ती अशी की आभार बिघडतात ते बहुतेक वेळा प्रास्ताविकातच. वसंत व्याख्यानमाला रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, म्हणजे आभार ऐकायचा आपला अनुभव दीडशे वर्षांचा, आणि त्यातून पुणेकर काय शिकला, तर 'आता आभार' म्हटलं की चपला शोधायच्या! मी त्याला दोष देत नाही, कारण पुढे काय येणार ते त्याने तासाभरापूर्वीच ऐकलेलं असतं, पाहुणे विद्वान आहेत, अभ्यासू आहेत, वेळात वेळ काढून आलेत, हे सगळं प्रास्ताविकवाल्याने आधीच वापरून टाकलेलं असतं आणि आभारवाल्याकडे उरतं फक्त त्याचंच शिळं.

एक उदाहरण घेऊ, मी मुद्दाम बनवलेलं. व्याख्यान आहे पेशवेकालीन पुण्याच्या पाण्यावर, नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून बांधीव नळ काढून शहरातल्या हौदांत आणि शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, तो विषय. प्रास्ताविक साधारण तीन मिनिटांचं. पहिलं मिनिट वक्त्यांची ओळख, तीही त्यांनी काय काम केलं एवढीच, विशेषणं नकोत. पुढचं मिनिट विषयाचं. आणि शेवट असा: "वाड्यात कारंजी उडायची. पंप नव्हता, वीज नव्हती. मग कात्रजचं पाणी इथपर्यंत आणलं कुणी?" बास, खाली बसायचं. इथे मोह होतो उत्तर द्यायचा, कारण आपण गुगल केलेलं असतं ना, पाणी नुसत्या उताराने आलं हे आपल्याला माहीत असतं, नळातली हवा बाहेर पडायला मधे मधे उच्छ्वास बांधलेत हेही वाचलेलं असतं, पण ते वक्त्याचं आहे. ते तुम्ही बोललात की वक्त्याचीही पंचाईत आणि आभारवाल्याचीही.

आता आभार. वक्ते तासभर उताराबद्दल बोललेत असं धरू. आभारवाला उठतो आणि म्हणतो, "उतार नीट धरला की ढकलावं लागत नाही, हे आज कळलं. आजची संध्याकाळसुद्धा अशीच आपोआप पुढे सरकली असं आपल्याला वाटलं असेल, तर तो उतार काढणारी माणसं मागे उभी आहेत," आणि मग माईकवाले, खुर्च्या लावणारी पोरं, हॉल देणारे, नावं घेऊन. बघा, यात कारंजं नाही, पंप नाही, कात्रज नाही, प्रास्ताविकातला एकही महत्त्वाचा शब्द नाही. तरी ऐकणाऱ्याला मघाचा प्रश्न आठवतो, कारण त्याचंच उत्तर इथे माणसांना लावलंय. प्रास्ताविकात प्रश्न पाण्याचा, आभारात उत्तर माणसांचं, आणि मधला दुवा वक्त्याने दिलेला. तो दुवा आपण दोघांनी मिळून घरी बनवला तर मात्र कृत्रिम वाटतो, लोकांना लगेच कळतं की हे ठरवून आलेत.

म्हणून दोन-तीन दिवस आधी वक्त्यांना फोन करायचा आणि एवढंच विचारायचं, "सर, भर कशावर देणार?" ते उतार म्हणाले तर वरचा प्रश्न चालेल. ते म्हणाले की मी हौदांवर कोण पाणी भरायचं आणि कुणाला भरू द्यायचे नाहीत यावर बोलणार, तर कारंज्याचा प्रश्न फेकून द्यायचा आणि "हौद भरला, पण तो कुणासाठी?" असं काहीतरी घ्यायचं. अशा वेळी आभारही जपून, तिथे उताराची कोटी शोभणार नाही, नावं घ्या आणि शांतपणे थांबा.

मग प्रास्ताविकाचा कागद आभारवाल्याला द्यायचा. त्याने त्यातली नामं आणि विशेषणं पेन्सिलीने अधोरेखित करायची, ती आपल्या कागदावर आणायची नाहीत, माणसांची नावं अर्थात सोडून. नावांची यादी आधीच लिहायची, पण पहिली दोन वाक्यं कोरी ठेवायची, ती व्याख्यान चालू असताना भरायची, म्हणजे आभारवाल्याला पुढच्या रांगेत बसून खरंच ऐकावं लागतं. चहा कुठवर आलाय हे बघायला दुसरा माणूस ठेवा.

लिहून झालं की एकदा उशिरा आलेल्या माणसाच्या कानाने वाचून बघा. त्याने प्रास्ताविक ऐकलेलंच नाही, तरी वाक्य सरळ कळलं पाहिजे. "मघाशी म्हटल्याप्रमाणे" असं लिहावंसं वाटलं तर समजा जोड नीट बसली नाहीये.

आणि वक्ते ऐनवेळी भलतीकडेच गेले, प्रश्नाला हातच लावला नाही, तर? तर कोरी जागा कोरीच ठेवून थेट नावांवर यायचं, ओढूनताणून उतार आणायचा नाही, दीड मिनिटात आभार संपले म्हणून पुण्यात अजून तरी कुणी तक्रार केलेली नाही.