एक मीटरवरचा दिवा, चार मीटरवरचा दिवा

[दृश्य : अंधारा स्टुडिओ. एकच दिवा हळूहळू उजळतो आणि अभिनेत्रीचा चेहरा दिसू लागतो.]

काळ्या पडद्यांनी बंद केलेल्या या स्टुडिओत प्रकाश देणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे ९० सेंटीमीटर व्यासाचा गोल सॉफ्टबॉक्स. त्याच्या पुढच्या पांढऱ्या कापडापासून १ मीटरवर अभिनेत्रीचा चेहरा आहे आणि तिच्या पाठीमागे आणखी २ मीटरवर करडी भिंत आहे. आयएसओ २०० आणि शटर १/५० सेकंद असताना चेहऱ्याजवळ धरलेला लाइटमीटर एफ/८ दाखवतो. आता आपण एकच गोष्ट बदलणार आहोत. हा दिवा मागे नेऊन चेहऱ्यापासून ४ मीटरवर उभा करायचा आहे. दिव्याची शक्ती तीच राहील, आणि अभिनेत्री व भिंत आपापल्या जागी राहतील.

[दृश्य : दिव्यापासून पसरत जाणाऱ्या प्रकाशाच्या शंकूची रेखाकृती.]

दिव्यातून निघालेला प्रकाश पुढे जाताना आडवाही पसरतो आणि उभाही पसरतो. १ मीटरवर जो प्रकाश एका चौकोनात मावत होता, तोच २ मीटरवर दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच, म्हणजे चौपट क्षेत्रफळाच्या चौकोनावर वाटला जातो, आणि म्हणून त्यातल्या प्रत्येक ठिकाणाच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो. योहानेस केप्लर यांनी १६०४ साली प्रकाशाविषयी मांडलेला व्यस्त वर्गाचा नियम तो हाच. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, आणि चौपट झाले की एक षोडशांश.

सेटवर हा हिशेब स्टॉपमध्ये केला जातो. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट होणे किंवा निम्मा होणे. त्यामुळे अंतर दुप्पट केल्यास दोन स्टॉप जातात आणि चौपट केल्यास चार. लेन्सवर लिहिलेले २, २.८, ४, ५.६, ८ हे आकडे येथे मोजपट्टीवरही उपयोगी पडतात, कारण अ‍ॅपर्चरचे क्षेत्रफळही वर्गाच्याच प्रमाणात बदलते. दिवा २ मीटरवरून २.८ मीटरवर नेला की एक स्टॉप कमी होतो, आणि २.८ वरून ४ मीटरवर नेला की आणखी एक. अंतराचा अंदाज घेण्यासाठी याहून सोपी पाठ केलेली सारणी माझ्या माहितीत नाही.

[दृश्य : दिवा ४ मीटरवर. चित्र जवळजवळ काळे. मग अ‍ॅपर्चर हळूहळू उघडत जाते.]

नियमाप्रमाणे आता एफ/८ वरून एफ/२ पर्यंत यावे लागेल. तसे केले की चेहरा पूर्वीइतकाच उजळ दिसू लागतो, आणि येथेच अनेकांची समजूत होते की अंतराचा प्रश्न मिटला. प्रत्यक्षात केवळ चेहऱ्याचा उजेड परत मिळाला आहे. चेहऱ्यामागची भिंत पाहिली, तर ती पहिल्या चित्रात जवळजवळ काळोखात होती आणि आता ती स्पष्टपणे पुढे आली आहे.

याचे कारण असे की प्रकाश किती मीटरनंतर कमी झाला यापेक्षा अंतर किती पटींनी वाढले याला महत्त्व असते. पहिल्या मांडणीत दिव्यापासून चेहरा १ मीटरवर होता आणि भिंत ३ मीटरवर, म्हणजे अंतर तिप्पट, प्रकाश नववा हिस्सा आणि फरक तीन स्टॉपहून थोडा अधिक. दुसऱ्या मांडणीत चेहरा ४ मीटरवर आहे आणि भिंत ६ मीटरवर, म्हणजे अंतर केवळ दीडपट, आणि फरक जेमतेम सव्वा स्टॉप. चेहरा आणि भिंत यांच्यातले २ मीटर दोन्ही वेळी तेच आहेत. अ‍ॅपर्चर, आयएसओ किंवा दिव्याचा डिमर यांपैकी काहीही फिरवले तरी चेहरा आणि भिंत एकाच मापाने वरखाली होतात. त्यांच्यातले प्रमाण या एका दिव्यापुरते त्याच्या अंतरानेच ठरते. म्हणून माझ्या मते दिव्याची जागा आधी ठरवावी आणि शक्ती नंतर, पण घाईत बहुतेक वेळा नेमके याच्या उलट होते.

[दृश्य : अभिनेत्री संवाद म्हणताना पुढे झुकते. शेजारी एक्स्पोजरचा आलेख.]

याच प्रमाणाचा दुसरा परिणाम हालचालीत दिसतो. दिवा १ मीटरवर असताना अभिनेत्री बोलता बोलता २५ सेंटीमीटर त्याच्याकडे झुकली, तर नियमाप्रमाणे चेहऱ्यावरचा प्रकाश पाऊण स्टॉपहून अधिक वाढतो. दिवा ४ मीटरवर असताना तेवढेच झुकल्यावर वाढ सुमारे एक पंचमांश स्टॉपची होते, आणि ती डोळ्याला सहसा जाणवत नाही. संकलनाच्या वेळी एका टेकमधला चेहरा उजळ आणि दुसऱ्यातला मंद निघाला, आणि दिव्याला किंवा कॅमेऱ्याला कोणी हात लावलेला नव्हता, तर दिवा फार जवळ होता का हे पहिल्यांदा तपासावे.

आता या नियमाची मर्यादा सांगितली पाहिजे, कारण आपण वर काढलेले जवळचे आकडे थोडे फुगलेले आहेत. हा नियम बिंदूएवढ्या दिव्यासाठी आहे आणि आपला सॉफ्टबॉक्स १ मीटरवरून बिंदू मुळीच नाही. त्याच्या कडेवरून निघालेला प्रकाश चेहऱ्यापर्यंत अधिक लांबून आणि तिरका येतो. सर्वत्र सारख्या उजळलेल्या गोल कापडाच्या बरोबर समोर प्रकाश मोजायचा असेल, तर अंतराच्या वर्गात कापडाच्या त्रिज्येचा वर्ग मिळवावा आणि त्या बेरजेच्या व्यस्त प्रमाणात प्रकाश धरावा. असे केल्यावर १ मीटरवरून ४ मीटरवर जाताना चारऐवजी सुमारे पावणेचार स्टॉप जातात, चेहरा आणि भिंत यांच्यातला पहिला फरक तीन स्टॉपहून किंचित कमी होतो, आणि २५ सेंटीमीटर झुकण्याने होणारी वाढ सुमारे दोन तृतीयांश स्टॉपवर येते. दिव्याच्या रुंदीच्या पाचपट अंतराबाहेर ही चूक सुमारे एक टक्का उरते, आणि तेथे साधा नियम निश्चिंतपणे वापरता येतो.

दुसरी मर्यादा खोलीची आहे. पांढऱ्या भिंती आणि छत यांवरून परतलेला प्रकाश दूरच्या भागांतही भर घालतो, त्यामुळे लहान पांढऱ्या खोलीत भिंत गणितापेक्षा उजळ येते. येथे काळे पडदे लावले आहेत ते यासाठीच.

[दृश्य : नाकाच्या सावलीचे दोन निकटचित्र, शेजारी शेजारी.]

आता भिंत सोडून चेहऱ्याकडेच पाहू. पहिल्या चित्रात नाकाची सावली गालावर अलगद विरघळते, तर दुसऱ्यात तिची कड ओळखता येते. सॉफ्टबॉक्स तोच आहे आणि त्यावरचे कापडही तेच आहे. ग्रहणाच्या वर्णनात येणारी उपछाया येथेही असते, म्हणजे सावलीच्या कडेचा असा पट्टा जेथून दिव्याचा काही भाग दिसतो आणि काही भाग झाकलेला असतो. सावली पाडणारी वस्तू आणि सावली झेलणारा पृष्ठभाग यांच्यातल्या अंतराला दिव्याच्या रुंदीने गुणले आणि दिव्यापासून त्या वस्तूपर्यंतच्या अंतराने भागले की या पट्ट्याची अंदाजे रुंदी मिळते. नाकाची सावली ३ सेंटीमीटर पलीकडे गालावर पडते असे धरले, तर दिवा १ मीटरवर असताना हा पट्टा २.७ सेंटीमीटरचा होतो, म्हणजे जवळजवळ सगळी सावली त्यातच विरते. दिवा ४ मीटरवर असताना तो ७ मिलिमीटरांपेक्षाही अरुंद होतो. अंतर चौपट झाले की प्रकाश सोळावा हिस्सा उरतो, पण सावलीची मृदुता चौथ्या हिश्शावर येते. या दोन्ही गोष्टी अंतराशी बांधलेल्या असल्या, तरी त्यांचा वेग वेगळा आहे.

दिवा दूर नेल्यावर कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर चमकही येते, आणि तिचे कारण फारसे लक्षात घेतले जात नाही. ही चमक म्हणजे त्वचेच्या तेलकट थरात दिसणारे दिव्याचेच प्रतिबिंब. दिव्याचे कापड दुरून पाहिले तरी ते मंद दिसत नाही, केवळ लहान दिसते. कॅमेरा मागे नेल्यावर चेहऱ्याचे एक्स्पोजर बदलावे लागत नाही, तेही याच कारणाने. म्हणून दिवा दूर गेल्यावर त्वचेवर पसरलेला उजेड पावणेचार स्टॉपने घटतो, पण प्रतिबिंबाची झळाळी त्या प्रमाणात घटत नाही. चेहरा सावरण्यासाठी आपण अ‍ॅपर्चर उघडतो तेव्हा ही झळाळीही तितकीच वर चढते आणि कपाळावर छोटा पांढरा डाग उमटतो. पावडर लावून तो दाबता येतो, पण मूळ कारण दिव्याचे अंतर असते.

[दृश्य : ३.६ मीटर रुंदीची चौकट, तिच्यावर ताणलेले पांढरे कापड, मागे दिवा.]

मृदू सावली हवी आहे, आणि भिंतही उजळ हवी आहे. अशा वेळी दिवा ४ मीटरवरच ठेवून त्याची रुंदीही चौपट करावी लागते. चेहऱ्यापासून ४ मीटरवर ३.६ मीटर रुंदीचे कापड ताणले, तर ते चेहऱ्याला पूर्वीच्या सॉफ्टबॉक्सइतकेच मोठे दिसते, आणि नाकाची सावली पुन्हा तशीच विरते. कापडाच्या मोठेपणामुळे घट थोडी सौम्य होते, पण चेहरा आणि भिंत यांच्यातला फरक एका स्टॉपच्या आसपासच राहतो. किंमत मात्र प्रकाशाच्या रूपाने मोजावी लागते, कारण आता सोळापट क्षेत्रफळ तितक्याच तेजाने उजळायचे असते. येथून पुढे अंतरही कापडापासून मोजायचे, मागच्या दिव्यापासून नव्हे, कारण चेहऱ्यासाठी आता कापड हाच दिवा आहे.

हे सारे कापड पूर्ण उजळले असेल तरच खरे ठरते. मागचा दिवा कापडाला फार चिकटून ठेवला, तर मध्यभागी एक प्रखर वर्तुळ तयार होते, कडा मंद राहतात, आणि एवढी मोठी चौकट उभारूनही नाकाची सावली कठीणच राहते. लाइटमीटर हे सांगत नाही, कारण चेहऱ्यावर पोहोचलेला एकूण प्रकाश पुरेसा असू शकतो. ते पाहण्यासाठी शॉटच्या आधी अभिनेत्रीच्या मार्कवर स्वतः उभे राहावे, कापडाकडे तोंड करून डोळे किलकिले करावेत, आणि उजळ भाग चौकटीच्या कडांपर्यंत पोहोचला आहे की मध्येच थांबला आहे हे पाहावे. मध्येच थांबला असेल, तर कापड जागच्या जागी ठेवून मागचा दिवा सावकाश आणखी मागे न्यावा. कडा उजळतील, चेहऱ्यावरचा प्रकाश थोडा घटेल, आणि मग लाइटमीटर पुन्हा चेहऱ्याजवळ धरावा.