पाऊस थांबून चार दिवस झाले, तरी स्लॅब का टपकतोय?

[बेडरूम. कॅमेरा छताकडे.]

वर बघा. हा तपकिरी डाग, त्याच्या कडेने मिठासारखं पांढरं काहीतरी जमलंय, आणि त्या टोकाला... थांबा, पडला बघा थेंब. खाली काकींनी पातेलं ठेवलंय. आता गंमत अशी की गेले चार दिवस इथे पावसाचा टिपूस नाही. ऑक्टोबरचं कडक ऊन आहे, अंगणात गोधड्या वाळत घातल्यात. मग हे पाणी येतंय कुठून?

नमस्कार मंडळी. आपण देवगडजवळ एका घरात आहोत. समुद्र इथून चालत दहा मिनिटं. घर बांधून सतरा वर्षं झाली आणि वरच्या गच्चीला आजवर तीनदा वॉटरप्रूफिंग करून झालंय. प्रत्येक वेळी दोन पावसाळे बरे जातात, तिसऱ्याला पातेलं परत बाहेर निघतं. काकींचं म्हणणं, "माल खोटो." मला तसं वाटत नाही. चला वर.

[गच्ची. मागच्या कठड्याजवळ.]

हे तळं बघा. चार दिवसांच्या उन्हानंतरही उभं आहे. स्टीलची पट्टी सगळ्यात खोल जागी बुडवतो... बारा मिलिमीटर. आणि या तळ्याच्या बाहेर ही काळी रेघ दिसते ना, शेवाळाची, ती पाऊस थांबला तेव्हाची हद्द. तिथपर्यंत पाणी होतं.

आता हे तळं आहे कुठे? गच्चीच्या मध्ये नाही, कोपऱ्यात नाही. ते आहे बरोब्बर आउटलेटच्या तोंडाशी. ज्या पाइपातून पाणी जायचं, त्याच्याच दारात ते बसून राहिलंय.

गच्ची ३० बाय ३६ फूट. सगळा ढाळ पुढून मागे. मी सकाळी लेव्हल पाइप धरून मोजलं. गच्चीचा नियम साधा आहे, १०० ला १, म्हणजे मीटरला एक सेंटिमीटर. ३० फूट म्हणजे साधारण ९ मीटर, तर पुढच्या कठड्यापासून मागच्या कठड्यापर्यंत ९० मिलिमीटर उतार हवा. मला मिळाला ८५. म्हणजे गवंड्याने काम चांगलं केलंय. त्याला फोन केला तर तोही हेच म्हणाला, "ढाळ दिलेलो आसा!" खरंच दिलेला आहे. ढाळात खोट नाहीच.

खोट इथे आहे. [कॅमेरा पाइपाच्या तोंडावर.] पाइपाची खालची कड आणि तिच्यासमोरचा कोबा, यांत पट्टी उभी धरतो. तीस मिलिमीटर. पाइप कोब्यापेक्षा सव्वा इंच वर बसलाय. पाणी तेवढं चढेल तेव्हाच पाइपात शिरणार. त्याच्या खालचं पाणी कुठेच जाणार नाही, मग ढाळ १०० ला १ द्या नाहीतर ५० ला १. उलट, चांगल्या ढाळामुळे सगळ्या गच्चीचं पाणी इमानदारीने या खड्ड्यात येऊन पडतं.

असं का झालं, तेही सांगतो, कारण गावोगाव असंच होतं. आधी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा झाला. कठड्याला लागून तो ५० मिलिमीटर, पुढे वाढत वाढत १३५. कठडा आणि कोबा यांच्या कोपऱ्यात गोलाई देऊन वाटा मारला. पाइप सगळ्यात शेवटी. कठडा फोडून पाइप घालायचा, तर वाटा फुटू नये म्हणून भोक कोब्याच्या वर पाडलं. भोकात इंचभर माल घातला, त्यावर पाइप ठेवला. माल, पाइपाची जाडी, तोंडावरची गिलाव्याची उंबरठी, झाले तीस मिलिमीटर. गवंड्याने वाटा वाचवला आणि गच्ची घालवली. त्याच्यावर मी चिडत नाही. पाइप आधी आणि कोबा नंतर, हे त्याला साइटवर कोणी सांगितलंच नसणार.

आता बरेच जण घाबरतात ते वजनाला. "एवढं पाणी साठलं तर स्लॅब खाली येईल का?" हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. इथे भरलेलं असताना सगळ्यात खोल जागी तीस किलो. ज्या गच्चीवर माणसं जातात ती चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरून डिझाइन करतात. तेव्हा या तळ्याच्या वजनाने काही होत नाही. वजनाची गोष्ट वेगळ्या दिवशी येते, त्याकडे वळतो.

इथलं नुकसान होतंय ते वेळेमुळे. वाहून जाणारं पाणी पृष्ठभागाला पाच मिनिटं भिजवतं. हे पाणी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हलत नाही.

तीनदा लावलेलं वॉटरप्रूफिंग म्हणजे काय होतं? तिन्ही वेळा ॲक्रिलिक कोटिंग, ते पांढरं, ब्रशने मारायचं. डबा हातात घेऊन बारीक अक्षरं वाचा. बहुतेक डब्यांवर लिहिलेलं असतं की पाणी साचणाऱ्या जागी वापरू नका. पाण्यात सतत बुडालं की ते फुगतं, मऊ पडतं, खालची पकड सोडतं. हे बघा, [नखाने कोटिंग उचलतो] तळ्याच्या हद्दीत सायीसारखं सुटून येतंय. आणि तिकडे, पुढच्या अर्ध्या भागात, चाकूने खरवडलं तरी निघत नाही. डबा तोच, हातही तोच. म्हणून म्हटलं, माल खोटा नाही.

कोटिंग सुटलं की पाणी कोब्यात उतरतं, आणि कोबा म्हणजे आतून स्पंज. विटांच्या तुकड्यांत, त्यांच्या सांध्यांत पाणी मुरतं आणि स्लॅबच्या डोक्यावर साठून राहतं. मघाच्या थेंबाचं उत्तर हेच. पावसाचं पाणी थेट गळत असतं तर पावसाबरोबर थांबलं असतं. हे कोब्यात साठलेलं पाणी स्लॅबमधली एखादी बारीक चीर शोधून सावकाश खाली येतंय. आणि म्हणून गळती दिसते तिथेच वर भोक असेल असं नाही. पाणी कोब्यात आडवं सरकतं आणि चार-पाच फूट लांबही निघतं. एक खबरदारी घ्या. गळती भर मे महिन्यातही चालू असेल तर आधी टाकी आणि नळाचे पाइप तपासा, गच्चीला दोष देऊ नका.

खाली जे पांढरं जमलं होतं, तो काँक्रीटमधला चुना. पाणी तो विरघळवून खाली आणतं आणि हवा लागली की तो घट्ट होतो. तो दिसला म्हणजे पाणी स्लॅबच्या आरपार आलंय. तपकिरी डाग त्याच्या पुढची पायरी, सळईचा गंज. गंजलेली सळई फुगते, लोखंडापेक्षा गंजाला दुपटीहून जास्त जागा लागते, आणि खालचं काँक्रीट ढकललं जाऊन पोपडे सुटतात.

आणि आपण समुद्राकाठी आहोत. खारा वारा गच्चीवर मीठ आणून टाकतो, पाऊस ते धुऊन नेतो. कुठे नेतो? याच तळ्यात. तळं आटलं की मीठ इथेच राहतं, पुढच्या सरीत परत विरघळतं आणि चिरांतून आत जातं. मीठ सळईपर्यंत पोचलं की काँक्रीटचं संरक्षण तिथे संपलं. जी जागा भिजते, वाळते, परत भिजते, तिथे गंज जास्त जोर धरतो, कारण त्याला पाणीही लागतं आणि हवाही. म्हणून खाली तपासताना डागाचा मधला भाग तर ठोकाच, पण कडाही ठोका. हातोडीने हलकं ठोकत जायचं. 'टण' आलं तर काँक्रीट धरून आहे, 'डब' आलं तर सुटलंय. जुन्या घरांत खाडीची वाळू न धुता वापरलेली असते, तिथे मीठ आतच बसलेलं असतं. तो वेगळा विषय, परत कधीतरी.

आता वजनाचा तो दिवस. या गच्चीला आउटलेट दोन, हा चार इंची आणि त्या टोकाला तीन इंची. गच्ची १०० चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला, आणि कोकणात जुलैच्या एखाद्या सरीला तो धरावाच लागतो, तर नॅशनल बिल्डिंग कोडच्या तक्त्यानुसार चार इंची पाइप साधारण ४२ चौरस मीटर सांभाळतो आणि तीन इंची जेमतेम २०. बेरीज ६२. म्हणजे दोन्ही पाइप स्वच्छ असले तरी कमीच. चार इंची तीन हवेत.

आणि स्वच्छ असतात कधी? ही सपाट जाळी बघा. आंब्याची तीन पानं आणि नारळाचा थोडा काथ्या, बस. मग लोक काय करतात, जाळीच काढून ठेवतात. मग तेच पान खालच्या कोपरात अडकतं. इथे तर खाली चार इंचीला तीन इंची जोडलाय, प्लंबरकडे तेवढाच तुकडा शिल्लक होता म्हणे. दोन्ही तोंडं बंद आणि कठडा तीन फूट. गच्चीची टाकी झाली. फूटभर पाणी म्हणजे चौरस मीटरला ३०० किलो, डिझाइनच्या दुप्पट. म्हणून कठड्याला एक उघडं भोक हवं, कोब्यापासून दोन-अडीच इंच वर, जाळी नाही, पाइप नाही. तिथून धार पडताना दिसली की समजायचं, खालचं तोंड तुंबलंय.

तर काम काय केलं? नवा ढाळ नाही, नवा कोबा नाही. जुन्यावर अजून दोन इंच माल ओतला असता तर चौरस मीटरला शंभर किलो कायमचे वाढले असते आणि पाइप आणखी खड्ड्यात गेला असता. आउटलेटभोवती अडीच बाय अडीच फूट कोबा छिन्नीने काढला. ब्रेकर लावू दिला नाही, खाली आधीच चिरलेला स्लॅब आहे. कोबा इथे ५० मिलिमीटरच आहे, त्यामुळे पाइप ४५ मिलिमीटर खाली सरकवता आला. आता त्याची कड भोवतालच्या कोब्यापेक्षा पंधरा मिलिमीटर खाली आहे.

एक गोष्ट जवळून दाखवतो. पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. गुळगुळीत पाइपाभोवती माल भरला की पुढच्या उन्हाळ्यात केसाएवढी फट पडते आणि पाणी पाइपाच्या बाहेरून आत शिरतं. म्हणून पाइप आधी पॉलिश पेपरने घासला, सॉल्व्हंट सिमेंट लावलं आणि ओलं असतानाच वर कोरडी वाळू भुरभुरवली. हात लावा, खरखरीत लागतो. आता माल धरेल. भोवती न आकसणारा ग्राउट, मग वाटा, आणि कोटिंगची जाळी पाइपाच्या आत चार इंच वळवून घ्यायची, तोंडाशी कापायची नाही.

कोटिंग मात्र आज नाही. कोबा ओला आहे, वर झाकण मारलं तर उन्हाने वाफ होऊन फोड येतील. दिवाळीनंतर, संध्याकाळी दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवायचा. सकाळी खालून घाम दिसला, तर थांबायचं. खोलीतलं 'डब' वाजणारं काँक्रीट स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवून, सळई उघडी करूनच दुरुस्त करणार. ते गिलाव्याचं काम नाही.

[बादली ओततो.]

काकी, बघा. गेलं. कोपऱ्यात ओल राहिली तेवढीच, तीही दुपारपर्यंत जाईल.

"पातेला काढू काय मगे?"

अजून आठवडाभर राहू दे, काकी. कोब्यातलं पाणी उतरायचंय.