चैत्र म्हणजे मार्च की एप्रिल? मराठी महिने कसे जुळवायचे

नमस्कार! चैत्र कोणत्या महिन्यात येतो असं विचारलं, की बहुतेक जण म्हणतात, मार्च-एप्रिल. शाळेपासून आपण तसंच पाठ केलंय. आता २०२४ चं कॅलेंडर काढून बघा. त्या वर्षी गुढीपाडवा ९ एप्रिलला होता आणि चैत्र अमावास्या ८ मेला. म्हणजे त्या वर्षीच्या चैत्रात मार्चचा एकही दिवस नव्हता. मग आपलं पाठांतर चुकीचं का? नाही, अर्धवट आहे. उरलेला अर्धा भाग आज समजून घेऊ.

आपल्याकडे महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो आणि दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, नवा महिना लागतो. असा एक महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. बारा महिने धरले तर ३५४ दिवस होतात, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा ११ दिवस कमी. त्यामुळे प्रत्येक मराठी महिना दर वर्षी तितकाच आधी सुरू होतो.

मग तो मागे सरकत सरकत थंडीत का जात नाही? कारण महिन्याचं नाव सूर्यावरून ठरतं. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य मेष राशीत शिरतो, तो चैत्र. वृषभेत शिरतो तो वैशाख. पुढेही तसंच. राशीत शिरणं म्हणजेच संक्रांत. मकर संक्रांत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, ती पौषात येते. पण अशा संक्रांती वर्षात बारा असतात, आणि इंग्रजी तारखांनी बघितलं तर त्या जवळपास ठरलेल्या असतात, साधारण १३ ते १७ तारखेच्या दरम्यान.

इथेच आपल्याला हवी ती खूण सापडते. प्रत्येक मराठी महिन्यात एका ठरावीक इंग्रजी महिन्याचा मध्य येतो. चैत्रात एप्रिलचा मध्य, वैशाखात मेचा, ज्येष्ठात जूनचा, आषाढात जुलैचा, श्रावणात ऑगस्टचा, भाद्रपदात सप्टेंबरचा. पुढे आश्विनात ऑक्टोबरचा, कार्तिकात नोव्हेंबरचा, मार्गशीर्षात डिसेंबरचा, पौषात जानेवारीचा, माघात फेब्रुवारीचा आणि फाल्गुनात मार्चचा. मला ही एक ओळ 'मार्च-एप्रिल, एप्रिल-मे' अशा जोड्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. चैत्रात एप्रिलचा मध्य यायचाच, मग तो मार्चच्या मध्याला सुरू होवो नाहीतर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात.

श्रावणाचं उदाहरण घेऊ, कारण त्याची वाट सगळेच बघतात. २०२४ मध्ये श्रावण ५ ऑगस्टला लागला. २०२५ मध्ये ११ दिवस आधी, २५ जुलैला. या हिशेबाने २०२६ मध्ये तो जुलैच्या मध्याला यायला हवा. पण २०२६ चा श्रावण १३ ऑगस्टचा आहे! मागे जायचं सोडून तो एकदम १९ दिवस पुढे गेला.

याचं कारण अधिक महिना. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा चांद्रमहिना असा आहे, की त्यात एकही संक्रांत येत नाही. वृषभ संक्रांत तो सुरू होण्याआधीच होऊन गेली, आणि मिथुन संक्रांत १५ जूनला, पण सकाळी अमावास्या संपल्यानंतर. संक्रांत नाही म्हणून त्याला स्वतःचं नावही नाही. त्याने पुढच्या महिन्याचं नाव घ्यायचं, म्हणून तो अधिक ज्येष्ठ. त्याच्यानंतर येतो तो खरा, म्हणजे निज ज्येष्ठ. साधारण दर ३२-३३ महिन्यांनी असं होतं. त्याच्या पुढचे सगळे महिने उशिरा येतात, म्हणून २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आलेले गणपती २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला येतात. कधी कधी श्रावणच अधिक असतो. २०२३ मध्ये तसं झालं होतं. अधिक श्रावण १८ जुलैला लागला, आणि सणवार असलेला निज श्रावण १७ ऑगस्टला.

आता दोन ठिकाणी गडबड होते, तेवढं सांगतो. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपवतात. त्यामुळे तिथला श्रावण आपल्याआधी साधारण १५ दिवस सुरू होतो. तिकडच्या नातेवाइकांचे श्रावणी सोमवार आधी सुरू झाले, तर त्यांचंही बरोबर आणि आपलंही. सण मात्र बहुतेक एकाच दिवशी येतात, कारण तिथी दोन्हीकडे तीच असते. वद्य पक्षात फक्त महिन्याचं नाव वेगळं असतं, शुक्ल पक्षात तेही सारखंच.

दुसरी गडबड सरकारी कागदावर होते. १९५७ पासून वापरात असलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतही चैत्र, वैशाख हीच नावं आहेत. पण ते सौर महिने आहेत, चंद्राशी त्यांचा संबंध नाही. तिथला १ चैत्र कायम २२ मार्चला येतो, लीप वर्षात २१ मार्चला. त्यामुळे कागदावर 'चैत्र' अशी तारीख दिसली, तर आधी तिथी बघा. शुद्ध किंवा वद्य आणि पुढे प्रतिपदा, द्वितीया असं लिहिलं असेल, तर तो आपला चांद्र चैत्र. नुसता १ ते ३१ मधला आकडा आणि शेजारी शक असेल, तर ती राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीख.